कंपनीची पुनर्रचना कर्मचाऱ्यांना कशी कळवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एचआर सांभाळणाऱ्यांसाठी आणि छोट्या-मध्यम कारखान्यांच्या मालकांसाठी आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. ते कल्पित आहे, पण एमआयडीसीत काम केलेल्यांना ओळखीचं वाटेल. नाशिकजवळची पंपाचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, एक युनिट अंबडला, दुसरं सिन्नरला, मिळून २४० कामगार. दोन्हीकडे वेगळं परचेस, वेगळं स्टोअर, वेगळं डिस्पॅच. मालकांनी ठरवलंय की १ जुलैपासून हे तिन्ही विभाग सिन्नरला एकत्र करायचे. घोषणा सोमवारी, १ जूनला.

पत्राची सुरुवात कशी करावी, हेच सुचत नाही. काय करू?

पत्र बाजूला ठेवा आणि आधी यादी करा. या तीन विभागांत जेवढी माणसं आहेत त्यांची नावं एका कागदावर उभी लिहा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी भरा: काम बदलतंय का, साहेब बदलतोय का, जागा किंवा शिफ्ट बदलतेय का, पगाराला हात लागतोय का. आपल्या उदाहरणात ५२ नावं निघतात. त्यातल्या ३४ जणांचा फक्त साहेब बदलतो. १२ जणांना अंबडहून सिन्नरला जावं लागतं. ६ जागा बंद होतात, त्यात ४ कामगार आणि २ अधिकारी.

यादी पूर्ण झाली की पत्र एका बैठकीत लिहून होतं. माझा अनुभव असा की पत्र गोलमोल असेल तर लिहिणाऱ्याचं मराठी सहसा कच्चं नसतं, यादीच अर्धवट असते. ‘काही पदांच्या जबाबदाऱ्यांमध्ये फेरबदल होतील’ हे वाक्य कागदावर आलं की समजायचं, अजून कुणाचं तरी नाव दोन रकान्यांत लोंबकळतंय. अशा वेळी घोषणा आठवडाभर पुढे गेली तरी चालेल. अर्धी यादी घेऊन लोकांसमोर उभं राहिलात तर पुढचे दोन महिने खुलासे करण्यात जातात.

कारणं किती खोलात सांगायची? सगळंच उघड करता येत नाही.

सगळं सांगू नका. पण जे सांगाल ते ऐकणाऱ्याला स्वतःच्या कामात पडताळून पाहता आलं पाहिजे. स्टोअरमधल्या माणसाला ‘बदलत्या व्यावसायिक परिस्थितीला अनुसरून समन्वय वाढवण्यासाठी’ यातून काहीच कळत नाही. आणि ज्या वाक्यातून काही कळत नाही, त्यामागे काहीतरी लपवलंय असं लोक धरून चालतात.

त्याऐवजी असं लिहा:

> एकच बेअरिंग आपली दोन युनिट दोन सप्लायरकडून दोन वेगवेगळ्या भावांनी घेतात. अंबडला एखादा माल संपलेला असतो तेव्हा तोच सिन्नरच्या रॅकवर पडून असतो, आणि आपण नवीन ऑर्डर टाकतो. गेल्या वर्षी दोन मोठ्या ग्राहकांनी ऑर्डर कमी केल्या. आता हा दुहेरी खर्च झेपत नाही.

यात ताळेबंद उघडा केलेला नाही, ग्राहकांची नावंही नाहीत. तरी स्टोअरमधला प्रत्येकजण मान हलवेल, कारण तो हे रोज बघतो. खर्च वाचवायचा असेल तर ‘खर्च वाचवायचा आहे’ असंच लिहा. आणि ज्यांच्या जागा जाणार आहेत त्यांच्याच कामातल्या चुका कारण म्हणून मांडू नका. ‘स्टोअरमधील अकार्यक्षमतेमुळे’ असं छापून आलं तर जाणाऱ्याचा अपमान होतो आणि राहणाऱ्याला पुढचा नंबर आपला वाटतो.

बदल कसे मांडायचे? ऑर्ग चार्ट लावला तर चालेल?

लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. चौकटी आणि रेषा बनवणाऱ्यालाच कळतात. आज काय आहे आणि १ जुलैला काय असेल, एवढं साध्या वाक्यांत लिहा. ‘मटेरियल रिक्विझिशन आज अंबड स्टोअरला देता, १ जुलैपासून सिन्नर स्टोअरला द्यायची. अंबडला फक्त तीन दिवसांचा चालू माल राहील.’ ‘डिस्पॅच आज जनरल शिफ्टमध्ये चालतं, १ जुलैपासून दोन शिफ्टमध्ये.’ त्याच्या खाली काय बदलत नाही तेही लिहा: पगाराची तारीख, पीएफ, सर्व्हिस कंटिन्युइटी, शिल्लक रजा. हा भाग छोटा असतो, पण घरी जाऊन लोक तोच वाचून दाखवतात.

‘माझं काय?’ याचं उत्तर पत्रात द्यायचं की समोरासमोर?

दोन्हीकडे, वेगवेगळ्या पद्धतीने. पत्रात गट लिहायचे, नावं नाही. नावं समोरासमोर.

गटांची वाक्यं मात्र स्पष्ट हवीत. आपल्या पत्रात ती अशी येतील:

> या तीन विभागांत ५२ जण आहेत. ३४ जणांचं काम, जागा आणि पगार तोच राहतो, फक्त रिपोर्टिंग बदलतं. १२ जणांची बदली सिन्नरला होते. ६ जागा बंद होत आहेत. त्या सहाही जणांशी आज सकाळी समक्ष बोलणं झालं आहे. तुमच्याशी कुणी बोललं नसेल, तर तुमची जागा त्या सहांत नाही.

शेवटचं वाक्य या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं. ते नसेल तर २४० लोक स्वतःला त्या सहांत मोजत बसतात आणि मशीनवर लक्ष राहत नाही. अर्थात हे वाक्य खरं असायला हवं. सहांपैकी एक जण रजेवर गावी असेल आणि त्याला फोनही लागला नसेल, तर ते छापायचं नाही. आधी तो माणूस गाठायचा, मग मीटिंग.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे बदलीला ‘संधी’ म्हणणं. ज्याचं घर सिडकोत आहे आणि मुलगी नाशिकच्या शाळेत आहे, त्याला रोजचं जाऊन-येऊन साठ किलोमीटर वाढणं ही संधी वाटत नाही. ‘हा त्रास आहे, आणि त्यासाठी कंपनी अमुक करते आहे’ असं म्हटलं तर तो निदान पुढचं ऐकतो. दुसरी चूक हुद्द्याची. दोन स्टोअर इन्चार्जपैकी एकच राहणार असेल, तर दुसऱ्याला ‘सीनियर को-ऑर्डिनेटर’ करून टाकतात. पगार तोच, पण खालची माणसं गेली, सही गेली. त्याच्या दृष्टीने ही पायउतारच आहे. तीन महिन्यांनी तो राजीनामा देतो आणि सप्लायरची सगळी माहिती डोक्यात घेऊन जातो. अशा माणसाशी बोलताना त्याचे अधिकार नेमके काय राहणार, किती रकमेपर्यंतच्या परचेस ऑर्डरवर त्याची सही चालणार, हे लेखी द्या.

घोषणेच्या दिवशी कुणाला कधी सांगायचं?

क्रम चुकला तर उत्तम पत्रही वाया जातं. आपल्या उदाहरणात मी असा लावेन. शनिवारी संध्याकाळी दोन्ही युनिटच्या विभागप्रमुखांना, कारण सोमवारी लोक आधी त्यांनाच पकडणार. सोमवारी सकाळी आठला युनियनच्या पदाधिकाऱ्यांना. साडेआठपासून त्या सहा जणांना एकेकटं, बंद दाराआड, त्यांचा साहेब आणि एचआर दोघं समोर. प्रत्येकाला निदान वीस मिनिटं. मग बारा जणांना, जमल्यास तेही एकेकटं. सर्वसाधारण सभा दुपारी तीनला, कारण पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते आणि दुसरी त्याच सुमारास आत येते, दोन्ही शिफ्टना एकाच तोंडून ऐकता येतं. सभा संपताच पत्र नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सअॅपवर.

सकाळी आठ ते दुपारी तीन हा वेळ धोक्याचा आहे. नऊच्या सुमारास पहिला माणूस केबिनमधून बाहेर पडला की कॅन्टीनला खबर लागते. म्हणून हा काळ शक्य तितका आवळा. दोन केबिनमध्ये समांतर बोलणी करा, आणि ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना हवं तर लगेच भरपगारी घरी जाऊ द्या. गेटवर त्यांची बॅग तपासायची, पंचिंग कार्ड तिथल्या तिथे काढून घ्यायचं, असले प्रकार करू नका. वॉचमनच्या केबिनसमोर दहा वर्षांचा जुना माणूस डबा उघडून दाखवतोय, हे दृश्य उरलेल्या सगळ्यांना पाठ होतं.

आणि विभागप्रमुखांनी केबिनमध्ये नेमकं काय बोलायचं?

पहिल्या दोन मिनिटांत निर्णय. हवा-पाणी, मुलांची चौकशी नको, त्या बोलण्याने माणूस जास्त अस्वस्थ होतो. ‘रमेशराव, स्टोअर सिन्नरला एकत्र होतंय. तुमची जागा ३० जूनला बंद होतेय. निर्णय झालेला आहे. हिशोबाचा कागद हा आहे, आपण तो मिळून बघू.’ मग गप्प बसायचं. साहेबांना हेच सर्वांत जड जातं, आणि ते गप्प बसण्याऐवजी ‘मी वर बोलून बघतो’ म्हणून टाकतात. जे बदलणार नाही त्याची आशा लावायची नाही.

पैशाचा हिशोब त्याच दिवशी द्यायचा का?

होय, छापील, आकड्यांसकट. ‘नियमानुसार सर्व देय रक्कम मिळेल’ एवढ्यावर माणूस रात्री झोपू शकत नाही.

एक हिशोब करून पाहू. स्टोअरमधला कामगार, नोकरी ११ वर्षं ७ महिने, हिशोबासाठी धरायचं वेतन महिना २६,००० रुपये. कामगार कपातीची नुकसानभरपाई म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १२ वर्षं. १३,००० गुणिले १२ म्हणजे १,५६,००० रुपये. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १५ दिवसांचे १५,००० होतात. १२ वर्षांचे १,८०,०००. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार २६,०००. बेरीज ३,६२,००० रुपये. शिल्लक रजेचे पैसे आणि जूनचा पगार त्यावर. पीएफ त्याचा स्वतःचा, तो यात मिळवू नका. आकडा मोठा दिसावा म्हणून मिळवतात, आणि लोकांना ते लगेच कळतं.

आकड्यांसोबत तारखा द्या. वेतन संहितेनुसार थकीत वेतन कामावरून कमी केल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात’ ही अकाउंट्सची जुनी सवय आता चालत नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे. शिवाय औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कमी केलेल्या कामगाराच्या शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम मालकाने भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कागदावर हीही ओळ असू द्या.

दोन अधिकाऱ्यांचा हिशोब वेगळा. ते कामगाराच्या व्याख्येत बसत नसतील तर कपातीची भरपाई कायद्याने लागू होत नाही, त्यांच्या नेमणूक पत्रातला नोटीस पिरियड बघावा लागतो. माझा सल्ला, त्यांनाही त्याच सूत्राने द्या. दोन माणसांचा खर्च फार नसतो.

कायद्याची नोटीस आणि ही घोषणा एकच का?

नाही, आणि इथे गफलत महागात पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि जुन्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. कामगारांच्या सेवाशर्तींत ठरावीक बदल करायचे असतील, उदाहरणार्थ स्थायी आदेशांत नसलेला शिफ्टचा बदल, तर बाधित कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस उलटल्याशिवाय बदल अमलात आणता येत नाही. जुन्या कायद्यात हेच कलम ९अ होतं, बरेच जण अजून तिला ‘नाइन-ए’ची नोटीसच म्हणतात. आपण १ जूनला सांगून १ जुलै धरला आहे, म्हणून नोटीसही त्याच दिवशी दिली तर हे बसतं. ‘येत्या सोमवारपासून’ म्हटलं असतं तर बसलं नसतं.

कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते का, हा दुसरा प्रश्न. जुनी मर्यादा १०० कामगारांची होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तीच आहे. नव्या संहितेत ती ३०० आहे. आपल्या कंपनीत २४० आहेत, म्हणून परवानगी नको, पण सरकारला कळवणं सुटत नाही. आणि कुणाला कमी करायचं हेही मनावर नाही: त्या वर्गवारीत शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं. हे पत्रातही लिहा. सहा जणांना ते माहीत असण्याचा हक्क आहे.

नोटिशीचा मसुदा कामगार कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्या. घोषणेचं पत्र मात्र वकिलाला लिहू देऊ नका.

‘आधार’ किंवा ‘मदत’ या सदराखाली काय लिहायचं? आमच्याकडे मोठं बजेट नाही.

कायद्याने देणंच आहे ते मदत म्हणून मिरवू नका. त्याच्या पलीकडचं थोडं असलं तरी चालेल, पण ते कामाचं असावं. सिन्नरला जाणाऱ्या बारा जणांसाठी कंपनीची बस, ती कुठून किती वाजता सुटणार, आणि वर्षभर तरी ती बंद होणार नाही असं लेखी. बस तीन महिन्यांत बंद होते हे लोकांनी दुसरीकडे पाहिलेलं असतं, म्हणून मुदत लिहायची. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा लहान मूल आहे, त्यांना पहिले काही आठवडे दुसरी शिफ्ट नको असेल तर सवलत.

जाणाऱ्या सहांसाठी: अनुभवाचं पत्र आणि रिलिव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी हातात, जूनमध्ये मुलाखतींसाठी भरपगारी सुट्टी, पीएफचं केवायसी एचआरने बसून पूर्ण करून देणं. नावातलं एक अक्षर आधारशी जुळत नाही म्हणून पैसे अडकतात, आणि नोकरी सुटल्यावर ते दुरुस्त करायला माणूस गेटवर खेपा घालतो. मेडिक्लेम असेल तर तो कुठल्या तारखेपर्यंत चालेल तेही सांगा. आणि मालकांनी स्वतः एमआयडीसीतल्या दोन-चार ओळखीच्या कारखानदारांना फोन करावा. ‘माझ्याकडे एक भरवशाचा स्टोअरकीपर मोकळा होतोय’ हे मालकाने म्हणणं आणि एचआरने बायोडेटा पाठवणं यात फार फरक आहे.

ठेकेदाराच्या माणसांना विसरू नका. स्टोअरमधले हमाल तुमच्या ५२च्या यादीत नसतील, पण त्यांनाही ‘ब्रेक’ मिळणार असेल तर तो ३० जूनच्या संध्याकाळी कळता कामा नये.

मोठ्या कंपन्यांची पत्रं नमुना म्हणून वापरू का?

दोन वाचण्यासारखी आहेत. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतल्यानंतर स्टीफन एलॉप यांनी १७ जुलै २०१४ ला लोकांना लिहिलं. पत्र हलक्याफुलक्या अभिवादनाने सुरू होतं, मग फोनच्या धोरणावर परिच्छेदामागून परिच्छेद, आणि सुमारे १२,५०० जागा कमी होणार ही गोष्ट खूप खाली येते. त्या पत्राची तेव्हा जगभर टर उडवली गेली.

दुसरं एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांचं, ५ मे २०२० चं. लोक कमी होणार हे सुरुवातीलाच येतं, आणि सुमारे ७,५०० पैकी जवळपास १,९०० हा आकडा थोडा खाली. मग निर्णय कसा झाला, जाणाऱ्यांना काय मिळणार, पुढे काय होणार. अमेरिकेत १४ आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाला आणखी एक आठवडा, बारा महिन्यांचा आरोग्य विमा. अमेरिका-कॅनडातल्या ज्यांना जावं लागणार आहे त्यांना पुढच्या काही तासांत बोलावणं येईल, हेही पत्रातच. त्यातली मांडणी घ्या. रकमा आणि भावुक सूर त्यांचा आहे, तो सिन्नरच्या नोटीस बोर्डावर शोभणार नाही.

आणि पत्र मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहून भाषांतर करून घेतलेलं पत्र पहिल्याच ओळीत ओळखू येतं. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदी प्रतही लावा.

सभेत असा प्रश्न आला ज्याचं उत्तर अजून ठरलेलं नाही, तर?

सगळ्यात नक्की येणारा प्रश्न: ‘आता आणखी कुणाला काढणार का?’ ‘अजिबात नाही’ म्हणू नका, तुमच्या हातात ते नसतं. ‘या तीन विभागांत याच्यापुढे कपात ठरलेली नाही. ऑर्डर आणखी पडल्या तर पुन्हा बसावं लागेल, आणि तेव्हाही असंच आधी तुम्हाला सांगू.’ एवढं बोला. बाकीचे प्रश्न लिहून घ्या, आणि कुठल्या दिवशी उत्तर बोर्डावर लागेल ते तिथेच सांगा. उत्तर तयार नसलं तरी त्या दिवशी कागद लागलाच पाहिजे, ‘अजून ठरलेलं नाही’ असा का होईना.

घोषणा नीट पोचली की नाही, हे कसं ओळखायचं?

टाळ्या किंवा शांतता यांवरून नाही. शांतता बऱ्याचदा रागाची असते. दुसऱ्या आठवड्यात शॉप फ्लोअरवर फिरून तीन-चार जणांना सहज विचारा, ‘१ जुलैपासून तुमच्या रजेच्या अर्जावर सही कुणाची?’ उत्तर अडखळत आलं तर बदलाचा भाग कळलेला नाही, तो पुन्हा सांगा. स्टोअर एकत्र का होतंय ते विचारा. ‘मालकांना अंबडची जागा विकायचीय’ असं तिघांनी सांगितलं, तर तुमचं कारण पोचलं नाही किंवा पटलं नाही. जागा विकायची नसेल तर तसं स्पष्ट लिहून बोर्डावर लावा, आणि विकायची असेल तर ते पहिल्या पत्रातच यायला हवं होतं.

जुलैत सिन्नरच्या बसमधल्या रिकाम्या सीट मोजा. पहिल्या महिन्यात बारापैकी तीन-चार जण वारंवार दांडी मारत असतील, तर ते दुसरीकडे नोकरी शोधतायत. त्यांना बोलावून मेमो देण्याआधी विचारा की शिफ्ट बदलून काही जमतंय का. बहुतेक वेळा अडचण सकाळच्या अर्ध्या तासाचीच असते.